टाकी, तोटी आणि काकूंची नाडी

«मी इंदूरला मानसोपचार विभागात दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे. पुढच्या आठवड्यात ज्युनिअर्ससाठी क्लिनिकल फार्माकॉलॉजीचं चाळीस मिनिटांचं सत्र घ्यायचंय: अँटिडिप्रेसंट्स लिव्हरची एन्झाइम्स अडवतात त्यातून होणारे इंटरॅक्शन. पुस्तकातला तक्ता स्लाइडवर टाकला की सगळे फोन काढतात. मलाही तो पाठ होत नाही. कसं शिकवू?»

तक्त्यात चूक काही नसते, पण दोन रकाने कमी असतात. अडकणारं औषध त्या एका एन्झाइमवर किती अवलंबून आहे, हा एक. आणि हे सगळं कोणत्या दिवशी दिसेल नि कोणत्या दिवशी ओसरेल, हा दुसरा. पेशंटचं जे काही बरंवाईट होतं ते या दोन रकान्यांत होतं, म्हणून तक्ता पाठ असलेला मुलगाही वॉर्डात गोंधळतो. मी स्वतः इथेच इंदुरात बरीच वर्षं रेसिडेंट्सना हे शिकवते आहे. तक्ता आता मी शेवटी हातात कागद म्हणून देते; फळ्यावर एकच एन्झाइम, एकच जोडी, एकच पेशंट.

जोडी कुठली घ्यायची, हे तुमच्या ओपीडीवर आहे. तुमच्याकडे क्लोझापीनवरचे पेशंट खूप असतील तर फ्लुव्हॉक्सामीन आणि सीवायपी १ए२ हे एन्झाइम घ्या. माझ्याकडे मात्र पन्नाशी-साठीच्या बायका येतात, बीपीच्या गोळ्या चालू असतात आणि जोडीला घबराट नि उदासी. त्यामुळे मी पॅरॉक्सेटीन आणि मेटोप्रोलॉल घेते. दोन्ही नावं मुलांच्या रोजच्या ओळखीची असतात, आणि दुष्परिणाम तपासायला यंत्र लागत नाही, मनगट पुरतं.

पेशंट सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). रामबागेतल्या चौसष्ट वर्षांच्या एक काकू. यजमान गेल्यापासून झोप नाही, छातीत धडधड, कशात मन लागत नाही. बीपीसाठी दोन वर्षांपासून मेटोप्रोलॉल एक्सएल ५०, रोज एक. बीपी छान, नाडी ७२. मी पॅरॉक्सेटीन सीआर १२.५ सुरू केलं. दोन आठवड्यांनी त्या आल्या. धडधड गेली होती, झोपही थोडी सुधारली होती, पण मुलगी म्हणाली, "आई नुसती बसून असते. अंगात त्राणच नाही म्हणते." मी ऐकलं ते असं: डिप्रेशन अजून उतरलेलं नाही. डोस २५ केला. नाडी पाहिली नाही. सहाव्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालून वळताना काकू खाली बसल्या, त्या उठेचनात. दवाखान्यात आणलं तेव्हा नाडी ४४, बीपी आडवं असताना १०४/६४, उभं केल्यावर ८६.

वर्गात मी इथेच थांबते आणि विचारते, काय काय असू शकेल? मुलं बहुधा तीन गोष्टी सांगतात आणि तिन्ही योग्यच असतात. वयस्कर बाईला एसएसआरआय दिलं की सोडियम उतरतं, म्हणून आधी सोडियम पाहा. काकूंचं १३६ आलं, म्हणजे ते कारण नव्हतं. दुसरं, मूळचाच हृदयाचा वहनदोष असेल, म्हणून ईसीजी. त्यात साधी सायनस ब्रॅडिकार्डिया होती, पीआर किंचित लांब, ब्लॉक नाही. तिसरं, पॅरॉक्सेटीनची स्वतःची गुंगी. पण गुंगीने नाडी ४४ होत नाही. एवढी खाली आलेली नाडी बीटा ब्लॉकरकडे बोट दाखवते, आणि बीटा ब्लॉकरचा डोस तर दोन वर्षांत कोणी हलवलेला नाही. "गोळी तीच, मग रक्तातलं औषध वाढलं कुठून?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला की सत्राची पहिली दहा मिनिटं सत्कारणी लागली समजा.

आता फळ्यावर गच्चीवरची टाकी काढा. आपल्या गावात नर्मदेचं पाणी आणि टाकी यांचा हिशोब शेंबड्या पोरालाही येतो. वरून ठरलेल्या वेगाने पाणी येतंय, खाली दोन तोट्या आहेत. मोठीतून शंभरातलं ऐंशी जातं, बारकीतून वीस. आत येणारं आणि बाहेर जाणारं सारखं, त्यामुळे पातळी स्थिर. मोठी तोटी म्हणजे सीवायपी २डी६, बारकी म्हणजे बाकी सगळे मार्ग मिळून. आता मोठी बंद करा. वरून पाणी तेवढंच येतंय. पातळी चढत जाईल ती कुठवर? एकट्या बारक्या तोटीतून शंभर जाऊ लागेल तिथवर. आधी तिच्यातून वीस जात होतं, आता शंभर जायला हवं, म्हणजे पातळी पाचपट. (इंजिनिअर मंडळींनी माफ करावं. खऱ्या टाकीत वेग उंचीच्या वर्गमुळाने वाढतो. शरीरात मात्र बहुतेक औषधांच्या बाबतीत रक्तातली पातळी दुप्पट झाली की विल्हेवाटही दुप्पट होते, म्हणून उपमा उलट तिथेच जास्त चपखल बसते.)

याचं सूत्र एका ओळीचं आहे:

```
पट = १ ÷ (१ − वाटा)
```

वाटा म्हणजे औषधाच्या एकूण विल्हेवाटीतला त्या एन्झाइमचा हिस्सा. मुलांना वहीत चार आकडे घालून पाहू द्या. वाटा ०.५ असेल तर दुप्पट. ०.८ असेल तर पाचपट. ०.९ असेल तर दहापट. ०.३ असेल तर दीडपटही नाही. वर्गात इथे शांतता होते, कारण "तीव्र इनहिबिटर" या शब्दाची भीती अर्धी उतरलेली असते. अडवणारं औषध कितीही दांडगं असो, अडकणाऱ्याचा त्या दारातला वाटा तीस टक्के असेल तर फारसं काही घडत नाही. उलट ऐंशीवरून नव्वदवर गेलं की धोका दुप्पट. ही वाढ सरळ रेषेत होत नाही, आणि तक्त्यातले बाण ते सांगत नाहीत.

मेटोप्रोलॉलचा २डी६ मधला वाटा साधारण सत्तर ते ऐंशी टक्के. सूत्रात घातलं तर तीन ते पाचपट, आणि पॅरॉक्सेटीन देऊन मोजलं तेव्हाही याच आसपासचे, काही मोजणीत त्याहून मोठे आकडे आले. काकूंच्या रक्ताच्या दृष्टीने ५० ची गोळी दोनशेची झाली होती. आणि तेवढ्या पातळीला मेटोप्रोलॉल फक्त हृदयापुरतं राहत नाही. हातपाय गार पडतात, दमेकऱ्याला धाप लागू शकते. "अंगात त्राण नाही" हे मी डिप्रेशनच्या खात्यात टाकलं होतं. ते बीटा ब्लॉकरच्या खात्यातलं निघालं, आणि मी त्यावर उपाय म्हणून तोटी आणखी घट्ट आवळली. रेसिडेंट्सनी ही चूक माझ्याकडून ऐकावी असं मला वाटतं, कारण ती दिसायला अगदी शहाणपणाची दिसते.

घट्ट आवळली असं का म्हणते? पॅरॉक्सेटीन २डी६ ला नुसतं अडवत नाही. एन्झाइम त्याला फोडायला घेतं, त्यातून जो तुकडा निघतो तो एन्झाइमच्याच हीमला चिकटून बसतो आणि तो रेणू कायमचा बाद होतो. चोराने आत शिरून आतून कडी लावावी तसं. शिवाय पॅरॉक्सेटीन स्वतः बरंचसं याच दाराने जातं, म्हणजे ते स्वतःचीही वाट बंद करतं. म्हणून १२.५ वरून २५ केलं की रक्तातली पातळी दुपटीपेक्षा जास्त चढू शकते. याचा दुसरा परिणाम काळाशी जोडलेला आहे. औषध बंद केल्यावर ते शरीरातून जायला काही दिवस लागतातच, पण तेवढ्याने भागत नाही, लिव्हरला नवीन एन्झाइम घडवावं लागतं. पॅरॉक्सेटीननंतर तोटी पूर्ववत व्हायला मी एक ते दोन आठवडे धरते, वयस्कर माणसात थोडे जास्तच.

याच ठिकाणी आमची दुसरी चूक झाली. फिजिशियननी नाडी पाहून मेटोप्रोलॉल एकदम बंद केलं नाही (ते बरोबरच, बीटा ब्लॉकर अचानक सोडला की उलट उसळी येते, इस्केमिया असेल तर जिवावर बेतू शकतं). त्यांनी डोस १२.५ वर आणला. नाडी तीन-चार दिवसांत साठीला आली, सगळे खूश. इकडे मी विचार केला की मुळात हे औषधच बदलावं, म्हणून पॅरॉक्सेटीन हळूहळू कमी करत सर्ट्रालीन ५० वर आणलं. सर्ट्रालीन या डोसला २डी६ ला फारसं धरत नाही. दीडशे-दोनशेला गेलात तर थोडं धरतं. हेही बरोबरच. पण दोन बरोबर गोष्टी एकमेकींना न सांगता केल्या. पॅरॉक्सेटीन थांबल्यावर तीन आठवड्यांनी काकू आल्या त्या धडधड घेऊन. नाडी ९६, बीपी १५८/९६. मुलगी म्हणाली, "नव्या गोळीने घबराट परत आली." गोळीने नाही आली. मोठी तोटी पुन्हा उघडली होती, आणि जी १२.५ ची गोळी अडथळा असताना ५० चं काम करत होती ती आता खरोखरच १२.५ उरली होती. फिजिशियनना फोन केला, त्यांनी दोन टप्प्यांत मेटोप्रोलॉल ५० वर नेलं, सर्ट्रालीनला कोणी हात लावला नाही, आणि "घबराट" गेली.

ही दुसरी अर्धी गोष्ट वर्गात जरूर सांगा. अडवणारं औषध सुरू करताना सगळे सावध असतात, काढताना कोणी नसतं. केस पेपरवर मी आता एक ओळ लिहिते: "मेटोप्रोलॉलचा हा डोस पॅरॉक्सेटीन चालू असताना ठरवलेला आहे." पॅरॉक्सेटीन काढायची वेळ येते तेव्हा बहुतेकदा मी नसते, दुसराच कोणी रेसिडेंट असतो.

मग यावर पर्याय काय? ते परिस्थितीवर आहे. नुसतं बीपी असेल तर फिजिशियनशी बोलून बीटा ब्लॉकरच बदलता येतो. अटेनोलॉल मूत्रपिंडातून जातं, त्याला २डी६ शी देणंघेणं नाही, पण मग क्रिएटिनिन पाहावं लागतं. बिसोप्रोलॉल अर्धं मूत्रपिंडातून, अर्धं लिव्हरमधून, आणि लिव्हरमधलं दार वेगळं. नेबिव्होलॉल नवं म्हणून सुरक्षित समजू नका, तेही २डी६ वरचं आहे. हार्ट फेल्युअरसाठी मेटोप्रोलॉल चालू असेल तर ते मी हलवायला सांगत नाही, अँटिडिप्रेसंट बदलते. एस्सिटॅलोप्रॅम हा सभ्य पर्याय आहे, पण अगदी साधू नाही: २० मिलिग्रॅमवर रक्तातली मेटोप्रोलॉलची एकूण मात्रा जवळजवळ ८० टक्क्यांनी वाढल्याचं त्याच्या माहितीपत्रकातच आहे. आणि पॅरॉक्सेटीनवर पेशंट उत्तम चालला असेल, तर दोन्ही चालू ठेवून मेटोप्रोलॉलचा डोस कमी करणं हेही चुकीचं नाही. "एकत्र देऊच नये" असं वाक्य मात्र स्लाइडवर लिहू नका. ही जोडी घेणारे कित्येक जण ठणठणीत असतात.

ते ठणठणीत का असतात, हा हुशार मुलाचा प्रश्न येईलच. काहींचा मूळ डोस एवढा कमी असतो की चौपट होऊनही सोसतो. आणि काहींची मोठी तोटी जन्मतःच बंद असते. आपल्या लोकांत शंभरातल्या साधारण दोन ते पाच जणांत २डी६ काम करत नाही. त्यांना पॅरॉक्सेटीन दिल्याने मेटोप्रोलॉल वाढत नाही, कारण बंद तोटी पुन्हा काय बंद करणार? त्यांची नाडी मेटोप्रोलॉल सुरू केलं तेव्हाच खाली गेलेली असते आणि डोस तेव्हाच कमी झालेला असतो. पॅरॉक्सेटीन खऱ्या अर्थाने धक्का देतं ते व्यवस्थित चालणाऱ्या तोटीवाल्याला. औषध चालू आहे तोवर ते त्याला जन्मतः बंद तोटीवाल्यासारखं करून टाकतं.

एक गल्लत हमखास होते, ती आधीच मोडून काढा. औषध एखाद्या दाराने जातं म्हणजे ते दार अडवतंच असं नाही. व्हेन्लाफॅक्सीन २डी६ ने जातं, पण त्याला जेमतेम अडवतं. बुप्रोपिऑन उलटं: स्वतः २बी६ ने जातं आणि २डी६ ला मात्र चांगलंच जखडतं. मुलं बुप्रोपिऑनला निरुपद्रवी समजतात ती याच गल्लतीमुळे. ड्युलॉक्सेटीन दोन्हींच्या मधलं.

वेळ उरला तर रिस्पेरिडोन फळ्यावर आणा, कारण इथे सूत्र फसतं आणि का फसतं ते कळलं की विषय खरा समजतो. रिस्पेरिडोनही २डी६ ने जातं, पॅरॉक्सेटीनने त्याची पातळी कित्येक पटींनी चढते. तरी पेशंट त्या मानाने तेवढा ताठरत नाही. कारण २डी६ त्याला फोडून जे बनवतं ते ९-हायड्रॉक्सी रिस्पेरिडोन मूळ औषधाइतकंच काम करतं. आपण तेच पॅलिपेरिडोन या नावाने वेगळं विकत घेतो. मूळ वाढलं, तुकडा घटला, बेरीज पॅरॉक्सेटीनच्या नेहमीच्या डोसला दीडपटीच्या आसपास. म्हणून टाकीचं चित्र काढताना विचारायचं की तोटीतून बाहेर पडणारं पाणी निकामी आहे की कामाचं. मेटोप्रोलॉलचं जवळजवळ निकामी, रिस्पेरिडोनचं कामाचं. आणि टॅमॉक्सिफेनचं तर असं की तोटीतून बाहेर पडतं तेच खरं औषध. तिथे तोटी बंद झाली तर पातळी वाढल्याचं एकही लक्षण दिसत नाही, नाडी नाही, चक्कर नाही, फक्त स्तनाच्या कर्करोगावरचं औषध मुकाट कमी पडतं. त्या बाईला पॅरॉक्सेटीन किंवा फ्लुओक्सेटीन मी देत नाही, यात मी पर्याय मोजत बसत नाही.

व्यवहारात माझा नियम साधा आहे, आणि तो माझा आहे, पुस्तकातला नाही. २डी६ जखडणारं काहीही सुरू करण्याआधी बीटा ब्लॉकर आहे का ते विचारायचं, "बीपीची गोळी" एवढ्यावर न थांबता गोळ्यांची स्ट्रिप मागवून नाव वाचायचं. असेल तर त्या दिवशी नाडी आणि उभ्याने बीपी लिहायचं, मग सातव्या आणि चौदाव्या दिवशी पुन्हा. डोस वाढवला की हिशोब पुन्हा शून्यापासून. नाडी पन्नासच्या खाली किंवा पहिल्यापेक्षा वीसने कमी झाली की ईसीजी आणि फिजिशियनला फोन. औषध काढल्यावरही दोन आठवड्यांनी आणि चार आठवड्यांनी तेच. घरच्यांना नाडी मोजायला शिकवलं तर हे सगळं सोपं जातं; काकूंची मुलगी आता माझ्यापेक्षा नेटकी मोजते.

शेवटची पाच मिनिटं त्यांना कोडं द्या. तिशीतली बाई, फ्लुओक्सेटीन ४० वर वर्षभर होती, बरी वाटतेय म्हणून दहा दिवसांपूर्वी स्वतःच बंद केलं. आज न्यूरॉलॉजीत अर्धशिशीसाठी अमिट्रिप्टिलीन २५ लिहून मिळालं. औषधांची यादी विचारली तर तिने खरंच सांगितलं: "काही चालू नाही." निम्मा वर्ग म्हणेल मग प्रश्नच नाही. त्यांना सांगा की फ्लुओक्सेटीनचा तुकडा नॉरफ्लुओक्सेटीन, त्याचं अर्धं प्रमाण उतरायलाच चार ते सोळा दिवस लागतात आणि तोही २डी६ तेवढाच अडवतो. हिशोबाला पाच आठवडे धरा. अमिट्रिप्टिलीनचं नॉरट्रिप्टिलीन होतं, आणि ते २डी६ नेच जातं. म्हणून सुरुवात १० ने, रात्री. पुढच्या भेटीत विचारायचं ते तोंडाची कोरड, बद्धकोष्ठ, लघवी अडकणं, उठताना चक्कर, आणि धडधड सांगितली तर ईसीजीवर क्यूआरएस रुंदावलाय का ते पाहायचं. पुढे फ्लुओक्सेटीन उतरत जाईल तसा तोच १० चा डोस अपुरा वाटू लागेल, आणि ती म्हणेल की गोळीचा असर गेला. त्या दिवशी तारीख बघून डोस वाढवायचा.